काउंटरवरचं "काय काकू, मजेत ना?"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्राहकाचं हसून स्वागत करा असं हल्ली सगळ्या ऑफिसात शिकवतात, चांगलंच आहे. पण मी बँकेत बरीच वर्षं मयत खातेदारांच्या क्लेमचं टेबल सांभाळलंय, आणि त्या टेबलाकडे येणाऱ्या माणसाला पहिलं वाक्य थोडं वेगळं लागतं.

मध्यंतरी शेजारच्या काकूंबरोबर त्यांच्या बँकेत गेले होते. काका जाऊन महिनाही झाला नव्हता. काउंटरवरचा मुलगा ओळखीचा, लांबूनच म्हणाला, "या या काकू, बऱ्याच दिवसांनी! आज एकट्याच, काका कुठंयत?" हेतू चांगलाच होता, पेन्शनच्या दिवशी तो नेहमी असंच बोलायचा. काकूंनी काही न बोलता मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स पुढे केली. मग तो एकदम दुसऱ्या टोकाला, अरेरे, काय झालं होतं, वय किती, कुठल्या हॉस्पिटलला होते, आणि मागे रांग ऐकतेय. काकूंनी सगळं सांगितलं, पण नंतर फॉर्मवर सही करताना हात इतका थरथरला की सही जुळेना आणि फॉर्म परत भरावा लागला.

खरं तर आधी माणसाच्या हाताकडे बघावं. दोन पासबुकं, प्लास्टिकच्या पिशवीत दाखला, नेहमी एकटं येणाऱ्या बाईंबरोबर आज भाची किंवा शेजारीण, मुंडण केलेला मुलगा, यावरून बहुतेक वेळा कळतं. आणि नाही कळलं तरी "या, बसा, काय करायचंय?" एवढं कुणालाही चालतं, त्यात "कसे आहात, मजेत ना" नसलं तर काही अडत नाही. बातमी आधीच माहीत असेल तर समोरच्याला ती सांगायला लावू नये, आपणच हळू आवाजात म्हणावं, "काका गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं. बसा, सावकाश होऊ दे." हे एकदाच, आणि कसं झालं ते विचारायचं नाही, त्यांना सांगायचं असेल तर सांगतील. कुणी स्वतःहून हसून बोललं तर आपणही तसंच बोलावं, उगाच लांब चेहरा करून बसू नये. आणि "डेथ केस आहे, तिकडे पाठव" असं हॉलभर ओरडणं तर अजिबात नको.

त्यानंतरचं वाक्य थेट कामाचं हवं. नॉमिनी लावलेला आहे का ते बघून लगेच सांगावं, कारण नॉमिनी असेल तर खात्यातल्या पैशांसाठी कोर्टाचा वारस दाखला लागत नाही आणि बऱ्याच जणांना नेमकी त्याचीच धास्ती असते. मूळ दाखला पडताळून परत देतो, क्लेम फॉर्म आणि तुमचे ओळखीचे कागद द्या, कागद पूर्ण झाले की 15 दिवसांत निकाली काढायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे ऐकलं की माणूस जरा खुर्चीत टेकून बसतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

शाखांनी एवढं तरी करावं, मृत्यूची नोंद खात्यात झाली की काउंटरवरच्या सगळ्यांना त्याच दिवशी सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी पासबुक भरायला आलेल्या काकूंना पुन्हा कुणी काका कुठंयत विचारणार नाही.

एक निवृत्त बँक कर्मचारी, सदाशिव पेठ, पुणे