टाच टेकवली, गुडघा गेला: दिव्यांग कल्याण मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार. माझ्या उजव्या मनगटाला प्लास्टर आहे, त्यामुळे हे पत्र मी सांगतेय आणि भाची लिहून घेतेय. गेल्या वर्षी आमच्या तालुक्यात पोलिओच्या पायांसाठी मोफत शस्त्रक्रिया शिबिर झालं. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांत मापाचा कॅलिपर, म्हणजे पायाला बांधायचा सळ्या-पट्ट्यांचा आधार, मिळेल, असा शब्द माईकवरून दिला गेला होता. कॅलिपर आला तो पावसाळा उलटून गेल्यावर, आणि तोही मापाचा नव्हता.

मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. आज मी बावन्न वर्षांची आहे. उजव्या मांडीच्या पुढच्या स्नायूत पाचपैकी एक एवढीच ताकद आहे, म्हणजे स्नायू जरासा थरथरतो, पण गुडघा सरळ करू शकत नाही. तरी मी आयुष्यभर चालले. कारण पोटरी आखडलेली होती आणि टाच अधांतरी राहायची. पाऊल टाकलं की आधी चवडा टेकायचा, आखडलेली पोटरी नडगीला पुढे झुकू द्यायची नाही, गुडघा मागे रेटला जाऊन ताठ राहायचा. वरून उजवा हात मांडीवर दाबला की पाय माझं वजन पेलायचा. दिसायला वाईट चाल, पण तिच्यावर मी शिलाईचं दुकान चालवलं आणि दोन मुलं वाढवली.

शिबिरातल्या डॉक्टरांना फक्त टाच दिसली. "मावशी, छोटंसं ऑपरेशन, टाच जमिनीला टेकेल." खाटेवर झोपवून त्यांनी पाऊल वर-खाली करून पाहिलं. मांडीची ताकद कोणी तपासली नाही, चार पावलं चालवूनही पाहिलं नाही. टाचेमागची शीर लांबवली. टाच टेकली. आणि पहिल्याच दिवशी उभी राहिले तशी नडगी पुढे गेली अन् गुडघा दुमडला. ज्याच्या मांडीत जोर नाही, त्याची आखडलेली टाच हाच गुडघ्याचा आधार असू शकतो. ती पूर्ण सोडवायची तर गुडघ्याला लॉक असलेला लांब कॅलिपर तयार हवा. नाहीतर टाच आहे तशी ठेवून बुटाला उंची द्यायची. हे मला नंतर, शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कळलं. ऑपरेशनआधी ते सांगणं कोणाचं काम होतं, साहेब?

आता त्या कॅलिपरचं. पायाचा साचा न घेता तयार मापातला दिला. त्याची बिजागरी माझ्या गुडघ्याच्या चार बोटं खाली येते, म्हणून बसताना मांडीचा पट्टा वर सरकतो आणि काचतो. मांडीच्या आतल्या बाजूला जखम झालीय. दोन्ही बाजूंच्या सळ्या समांतर नाहीत, त्यामुळे उभं राहिल्यावर लॉकची कडी एका बाजूला अर्धीच पडते. ती अर्धी पडलेली कडी न्हाणीच्या उंबऱ्यावर सुटली आणि मी पडले. मोडलं ते मनगट, म्हणजे मांडी दाबणारा हात.

तक्रार केली तर त्याच मंडळींनी सुचवलं, "मांडीचा मागचा स्नायू पुढे आणून लावू, कॅलिपरच लागणार नाही." मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी तक्ता काढून एकेका स्नायूची ताकद लिहिली आणि साफ नाही म्हटलं. जागा बदललेला स्नायू साधारण एक पायरी ताकद गमावतो, म्हणून तो आधी पाचपैकी चार तरी हवा. माझा मागचा स्नायू तीन आहे. पुढे आणला तर दोनवर येईल, गुडघा धरणार नाही आणि मागचाही आधार जाईल. शिवाय सांधा आधी मोकळा हवा, वाकडेपणा आधी दुरुस्त हवा, आणि नितंब व पोटरीत जोर हवा, नाहीतर गुडघा मागे उलटा वाकत जातो. हे ऑपरेशन वाईट नाही. माझ्या पायासाठी ते चूक आहे. आणि हे समजायला दोन हात आणि अर्धा तास पुरतो, मशीन लागत नाही.

पण अर्धा तास दिला तर दिवसाचा आकडा कमी भरतो ना! बॅनरवर आकडा छापायचा असतो, कॅलिपर हातात देतानाचा फोटो काढायचा असतो. तो पायात बसला का, हे पाहायला कोणीच परत येत नाही. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, २७ मार्च २०१४ ला आपण पोलिओमुक्त ठरलो, सत्कार झाले. तेव्हापासून तुमच्या लेखी आम्हीही संपलो. शिबिराच्या रांगेत पन्नाशीचे किती जण असतात ते येऊन बघा. कित्येकांचा चांगला पायही आता थकत चाललाय, कारण पोलिओतून वाचलेले स्नायू चाळीस-पन्नास वर्षं दुप्पट राबले आहेत. त्याची नोंद कुठल्या रकान्यात होते? प्रमाणपत्रावर एकदा टक्के लिहिले की लिहिले.

मला नुकसानभरपाईचा चेक घेऊन फोटो काढायचा नाही. माझ्या पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन कॅलिपर नवा करून द्या. तो घालून चालवून बघणारा, सळ्या वाकवून जुळवणारा ऑर्थोटिस्ट जिल्हा रुग्णालयात कायमचा नेमा, आणि महिन्याभराने दुसरी तपासणी होईपर्यंत 'वाटप झाले' असं लिहू नका. आणि मोठ्या माणसांच्या पोलिओच्या पायावर स्नायूंच्या ताकदीचा तक्ता भरल्याशिवाय कोणत्याही शिबिरात सुरी लावायची नाही, असा लेखी आदेश काढा. पुढचं शिबिर याच महिन्यात आहे, गावात बॅनर लागले आहेत. आदेश त्याच्या आधी हवा.

आपली,
एक पोलिओग्रस्त शिलाई कामगार