बंड्या, तो दिवाळीचा व्हिडिओ पाठव

सांगली, १४ मार्च

प्रिय बंड्या,

तुझे दोन मिस्ड कॉल बघून मी फोन उलटा ठेवला होता. शिव्या द्यायच्या तर भेटल्यावर दे. आम्ही बरे आहोत, माझं पित्त नेहमीसारखंच.

दिवाळीत तू आमच्या ओम्याला गॅलरीत आकाशकंदील दाखवत होतास. तो कंदिलाकडे बघायचा सोडून तुझ्याच बोटाकडे बघत राहिला. मग तू तीनदा हाक मारलीस, तरी त्याने मान वळवली नाही. तू हळूच म्हणालास, "हा हाकेला बघत नाही रे." त्यावर मी जे बोललो ते लिहायलाही लाज वाटते. लग्न न झालेल्याला मुलांतलं काय कळतं, असं मीच म्हणालो ना? बारावीच्या स्कूटरनंतर एवढं आपण कधी भांडलो नव्हतो. (स्कूटर तूच पाडली होतीस, त्यावर मी ठाम आहे.)

तेव्हा तो १७ महिन्यांचा होता. त्याआधी, चौदाव्या महिन्यात, 'काऊ', 'मंमं', 'आई' म्हणायचा. ते हळूहळू बंद झालं. आई म्हणाली, चालायला लागलं की पोराचं बोलणं मागे पडतं, तुझे बाबासुद्धा तीन वर्षांनी बोलले. आम्ही आधी ज्यांना दाखवलं ते डॉक्टरही म्हणाले, मुलगे उशिरा बोलतात, थांबा. मला तेच ऐकायचं होतं. पोरगं पळतं, सोफ्यावर चढतं, मग काळजी कसली?

विद्या मात्र एकच गोष्ट धरून बसली होती. त्याला बिस्कीट हवं असलं की तो तिचं मनगट धरून डब्यापर्यंत नेतो, पण स्वतः बोट करत नाही. 'ते बघ, विमान' असं दाखवायला तर कधीच नाही. नव्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, हेच महत्त्वाचं. मागायला बोट करणं वेगळं आणि आपल्याला गंमत वाटली ती दुसऱ्याला दाखवायला बोट करणं वेगळं. दीड वर्षापर्यंत मूल हे दुसरं करायला लागतं. शब्द उशिरा आले तरी हे आलेलं असावं लागतं.

त्यांनी स्वमग्नतेची शंका आहे का ते बघायला एम-चॅट नावाचा फॉर्म दिला. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, हो-नाहीचे २० प्रश्न. मी बाकावर बसून भरला आणि गुण आले २, म्हणजे धोका कमी. मी जिंकल्यासारखं विद्याकडे बघितलं. तिने वेगळा भरला, तिचे आले ६. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मला विचारलं, "हाकेला बघतो असं लिहिलंत. दहा वेळा हाक मारली तर किती वेळा?" मी गप्प. कधीतरी एकदा बघितलेलं असलं आणि एरवी करत नसेल, तर 'नाही' लिहायचं, हे फॉर्मवरच छापलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं. मग प्रत्येक शंकेच्या उत्तरावर उदाहरणं मागून त्यांनी परत विचारलं. या दुसऱ्या फेरीत २ आले तरी पुढे पाठवतात, आमचे ५ उरले.

पण बाई म्हणाल्या, गुण शून्य आले असते तरी मी सोडलं नसतं. आलेले शब्द गेले, एवढ्यावरच पूर्ण तपासणी करायची, वय कुठलंही असो. आणि हा फॉर्म म्हणजे चाळणी, निदान नव्हे. यावरून कुणी स्वमग्न ठरत नाही.

आधी कान. मी वाद घातला, चॉकलेटचा कागद वाजला की हा आतल्या खोलीतून धावत येतो! त्या म्हणाल्या, कागदाची चुरचुर ऐकू येते म्हणून बोलणं नीट ऐकू येतं असं नाही. म्हणून बेरा नावाची ऐकण्याची तपासणी. त्यासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं. रात्री दोनपर्यंत आम्ही त्याला जागवलं, सकाळी रिक्षात झोपू नये म्हणून मी त्याच्यापुढे माकडासारखा नाचलो. कपाळाला आणि कानामागे वायरी चिकटवल्या, की साहेब टक्क जागे! तिसऱ्या खेपेला औषध देऊन झालं एकदाचं. दोन्ही कान नॉर्मल. मी आनंदलो, विद्या रडली. तिला कळलं होतं की सोपं कारण आता उरलं नाही.

पूर्ण तपासणी ३ एप्रिलला आहे. निदानाची वाट न बघता स्पीच थेरपी सुरू केलीय. वस्तू डोळ्यांशेजारी धरायची आणि तो बघेपर्यंत थांबायचं. तुला माहितीय, मला थांबणं किती जमतं ते.

काकूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? तुझ्या प्रमोशनचं विद्याकडून कळलं, पार्टी बाकी आहे.

एक काम आहे. डॉक्टरांनी जुने व्हिडिओ मागितलेत. पहिल्या वाढदिवसानंतर गच्चीवर तो कावळ्याला 'काऊ' म्हणाला, तो तू काढला होतास. आणि दिवाळीतला, गॅलरीतला. माझ्या फोनवरचा मी त्याच रात्री पुसून टाकला. तुझ्याकडे असेल तर दोन्ही पाठव.

तुझा,
सुध्या