पाण्याच्या टाकीची वर्गणी आणि माझ्यावर लावलेला ५०० रुपये दंड

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
आपली सोसायटी, जुळे सोलापूर

साहेब नमस्कार. हे पत्र लिहायची वेळ येऊ नये असंच वाटत होतं पण खजिनदार काकांना तीनदा तोंडी सांगून झालं, एकदा तुमच्याही कानावर जिन्यात घातलं होतं, तरी काल नोटीस बोर्डवर माझ्या फ्लॅटचा नंबर "थकबाकीदार" म्हणून लागला. बारा वर्षांत माझा मेंटेनन्स एकदाही उशिरा आलेला नाही, जुन्या वह्या काढून बघा.

टाकीच्या वर्गणीचे ३५,००० भरायची शेवटची तारीख १० होती. त्याच दिवशी सकाळी अकराला मी बार्शीला भावाला बोअरच्या कामासाठी ७०,००० यूपीआयने पाठवले होते. संध्याकाळी साडेसातला तुमच्या ग्रुपवरचा क्यूआर स्कॅन करून ३५,००० टाकले तर पेमेंट फेल, मेसेज आला की दिवसाची लिमिट संपली. एका माणसाने दुसऱ्याला यूपीआयने पाठवायची मर्यादा दिवसाला एक लाख आहे, ७० आणि ३५ मिळून होतात एक लाख पाच हजार. खात्यात पैसे होते, नसते तर शिल्लक कमी असल्याचा वेगळा मेसेज आला असता. दोन्ही स्क्रीनशॉट मी काकांना तेव्हाच पाठवलेत.

काका म्हणाले "दुसऱ्या अ‍ॅपवरनं टाका की." अहो अ‍ॅप बदलून काय होतंय, मोजणी त्याच बँक खात्याची होते ना, तरी त्यांच्या शब्दाखातर तेही करून बघितलं, परत फेल. मग मी म्हणलं आत्ता ३०,००० घ्या, तेवढे बसतात, उरलेले पाच उद्या टाकतो. तर म्हणे "तुकड्यात घेत नाही, पावती एकच फाटते." म्हणलं मग खाते नंबर आणि आयएफएससी द्या, एनईएफटी करतो, ती यूपीआयच्या लिमिटमध्ये धरत नाहीत आणि डिसेंबर २०१९ पासून रात्री-अपरात्री, सुट्टीलाही चालते. त्या मेसेजला निळी टिक आली, उत्तर आजतागायत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला परत फेल झालं, कारण माझ्या बँकेत २४ तास आदल्या दिवशीच्या पहिल्या व्यवहारापासून मोजतात (काही बँकांचं वेगळं असतं). सव्वाअकराला एका फटक्यात गेले. म्हणजे उशीर किती, तर एक दिवससुद्धा धड नाही.

मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मला विचारलं की गेल्या आठवड्यात पोराच्या कॉलेजची १,६०,००० फी यूपीआयने गेली, २०३ मधल्या मावशींनी सराफाकडे दीड लाख दिले, मग सोसायटीचेच पैसे कसे अडकतात. हे मनाला लागलं, म्हणून नीट सांगतो. एक लाखाची मर्यादा सगळीकडे सारखी नाही. शाळा-कॉलेज आणि हॉस्पिटलला एका वेळी पाच लाखांपर्यंत चालतं, सराफाला १५ सप्टेंबर २०२५ पासून एका वेळी दोन लाख आणि दिवसाला सहा लाख. पण हे फक्त त्या त्या प्रकारात नोंद झालेल्या, तपासलेल्या दुकानदारांना आणि संस्थांना. शिवाय एखाद्या बँकेने स्वतःची मर्यादा कमी ठेवली असेल तर तीच लागू होते. तुमच्या क्यूआरवर सोसायटीचं नाव येत नाही, काकांचं स्वतःचं नाव येतं, बचत खातं त्यांचं. बँकेच्या लेखी मी एका माणसाला पैसे पाठवतोय, कॉलेजची मुभा तिथं कशी मिळणार? खरं सांगायचं तर सोसायटीचा स्वतःचा क्यूआर असता तरी पाच लाखांची सोय मिळाली नसती, आपण त्या यादीत नाही. पण निदान खाते नंबर लपवायची वेळ आली नसती.

क्यूआरची तक्रार मी मागच्या दिवाळीपासून करतोय. सोसायटीचे पैसे सोसायटीच्या खात्यात हे पोटनियमातच आहे. पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यांचं हेच मत आहे, समोर बोलत नाहीत एवढंच.

आणि दंडाचं. पोटनियमात थकबाकीवर व्याज वर्षाला जास्तीत जास्त २१ टक्के आहे. ३५,००० वर एका दिवसाचे होतात २० रुपये १४ पैसे. ते २० रुपये मी आज वॉचमनकडे पाकिटात दिलेत, १४ पैसे सोडून. ५०० देणार नाही.

बोर्डवरचा कागद रविवारपर्यंत काढावा आणि पुढच्या नोटिशीत सोसायटीच्या खात्याचा नंबर, आयएफएससी छापावा आणि चेक घेणार असं स्पष्ट लिहावं. खजिनदार काकांबद्दल मनात काही नाही, पण हे पत्र पुढच्या मीटिंगमध्ये त्यांच्यासमोरच वाचलं जावं आणि इतिवृत्तात यावं.

आपला,
फ्लॅट ४०१