स्ट्रिपवर गोळीचा भाव छापा, मंत्रीमहोदय

मा. केंद्रीय रसायन व खते मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, आमच्या घरी आईची बीपीची गोळी चालू आहे, रोज एक, त्यामुळे मेडिकलची फेरी ठरलेली. गेल्या महिन्यात नेहमीच्या कंपनीची गोळी संपलेली होती, तर मेडिकलवाला म्हणाला "दादा, हीच गोळी दुसऱ्या कंपनीची देतो, डॉक्टरांना फोन करून विचारून घ्या, आणि हिच्यावर तुम्हाला वीस टक्के सोडतो." डॉक्टर चालेल म्हणाले. नेहमीच्या स्ट्रिपवर दहाच टक्के मिळतात, म्हणून मी खूष, आणि एका स्ट्रिपचे ९४.५० द्यायचो तिथे ७२ रुपयेच दिले म्हणून अजून खूष.

घरी आल्यावर आईने विचारलं, "यात दहाच गोळ्या कशा रे?" मग मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला.

जुनी स्ट्रिप १५ गोळ्यांची, एमआरपी १०५ रुपये. दहा टक्के गेले की ९४.५०, त्याला १५ ने भागलं की गोळी पडली ६ रुपये ३० पैशांना. नवीन स्ट्रिप १० गोळ्यांची, एमआरपी ९० रुपये. वीस टक्के गेले की ७२, म्हणजे गोळी ७ रुपये २० पैसे. डिस्काउंट दुप्पट, बिल कमी आणि गोळी ९० पैशांनी महाग! ३० दिवसांचं धरलं तर जुन्या दोन स्ट्रिप १८९ रुपये आणि नवीन तीन स्ट्रिप २१६ रुपये, महिन्याला २७ रुपये जास्तीचे, आणि वर वीस टक्के मिळाले म्हणून मीच त्याला थँक्यू म्हणून आलो.

यात मेडिकलवाल्याने फसवलं असं मी म्हणत नाही. एमआरपी म्हणजे जास्तीत जास्त किंमत, सगळे टॅक्स धरून, त्याच्या खाली तो कितीही सोडू शकतो. पण टक्के कशाचे हे गिऱ्हाईक बघत नाही. ज्या कंपनीने एमआरपीच चढी छापलीय तिच्यावर मोठा डिस्काउंट द्यायला जागा जास्त असते, त्यामुळे नुसते टक्के ऐकून गोळी स्वस्त की महाग ते कळतच नाही, आणि एका स्ट्रिपमध्ये १०, दुसरीत १४, तिसरीत १५ गोळ्या असल्या की काउंटरवर उभं राहून तोंडी हिशोब कोण करणार, मागे चार माणसं उभी असतात.

आता गंमत बघा. तुमच्याच खात्याखालचं औषध किंमत प्राधिकरण २०१३ च्या औषध किंमत आदेशाखाली जी कमाल किंमत जाहीर करतं, ती गोळ्यांसाठी प्रति गोळीच असते, तीही जीएसटी सोडून. म्हणजे सरकार गोळीत मोजतं, कंपनी स्ट्रिपवर छापते, दुकानदार टक्क्यात बोलतो, आणि आम्ही बिलाचा शेवटचा आकडा बघून पैसे देतो. तेलाच्या पिशवीवर, बिस्किटाच्या पुड्यावर ग्रॅममागे किंवा मिलीलिटरमागे भाव छापलेला दिसतो, मग गोळीनेच काय घोडं मारलंय?

सुट्ट्या गोळ्यांचं तर विचारूच नका. नियम असा की स्ट्रिप कापून दिली तरी त्याच प्रमाणात पैसे घ्यायचे, जास्त नाही. १०५ च्या स्ट्रिपमधल्या ७ गोळ्यांचे ४९ च्या वर घेता येत नाहीत. माझ्याकडून ५० घेतलेत, "सुट्टे नाहीत" म्हणून. एक रुपयासाठी भांडायचं नव्हतं म्हणून गप्प बसलो, पण डिस्काउंटही नाही, का तर "सुट्ट्यावर देत नाही." डिस्काउंट देणं त्याच्या मर्जीवर आहे हे मान्य, पण मग ती गोळी मला ७ रुपये १४ पैशांना पडली, पूर्ण स्ट्रिप घेतली असती तर ६.३० ला. आणि एमआरपी, एक्स्पायरी छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहिला, घरी येऊन पडताळू कशावरून?

म्हणून दोनच मागण्या आहेत. एक, स्ट्रिपवर एमआरपीच्या शेजारी, त्याच मोठ्या अक्षरात, "एका गोळीची एमआरपी" छापायला लावा. १०५ च्या शेजारी ७.०० आणि ९० च्या शेजारी ९.०० दिसलं असतं तर वीस टक्के ऐकून मी भुललो नसतो. दोन, बिलात डिस्काउंट वजा जाऊन गोळीमागे पडलेला भाव यायला हवा, सुट्ट्या गोळ्यांच्या बिलातसुद्धा. कॉम्प्युटरवर बिल निघतं तिथे एमआरपी आणि नग दोन्ही आधीच भरलेले असतात, त्यामुळे एक रकाना वाढवायचा, बस.

तोवर मी स्ट्रिप उलटी करून गोळ्या मोजतोय, मेडिकलवाला हसतो.

आपला,
आईच्या गोळ्या आणणारा एक मुलगा