खुले पत्र : पन्नास मीटरच्या धावेचा एक आकडा नको, पाच हवेत

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळूरु

महोदय, सादर नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. पी.टी.चा तास माझा नाही, पण गेल्या हिवाळ्यात आमच्या पी.टी.च्या सरांनी आणि मी मिळून मैदानावर जे केलं, त्यातून तुमच्याकडे एक मागणी करायची आहे. आधी काय केलं ते सांगतो, म्हणजे मागणी हवेतली वाटणार नाही.

खेलो इंडियाच्या शालेय चाचणीत ५० मीटर धाव आहे. मूल धावतं, सर वेळ घेतात, आकडा नोंदला जातो, संपलं. मुलाच्या हाती त्यातलं काही राहत नाही. आम्ही तीच धाव घेतली. फक्त दर दहा मीटरवर फक्कीची आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेजवळ घड्याळ देऊन एक मूल उभं केलं. पाचही घड्याळं एकाच इशाऱ्यावर सुरू करायची आणि धावणारी आपल्यासमोरची रेघ ओलांडेल तेव्हा आपापलं थांबवायचं.

एका मुलीच्या वेळा अशा आल्या : १० मीटरला २.६ सेकंद, २० ला ४.४, ३० ला ६.१, ४० ला ७.८ आणि ५० ला ९.६. सगळ्या धावेची सरासरी काढली तर सेकंदाला ५.२ मीटर. पण मुलांनी वजाबाकी केली तेव्हा दर दहा मीटरला लागलेला वेळ निघाला : २.६, १.८, १.७, १.७, १.८. म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यात ती सेकंदाला चार मीटरसुद्धा धावत नव्हती आणि मध्ये जवळजवळ सहा मीटरचा वेग होता. सरासरीतला ५.२ हा वेग तर कुठल्याच टप्प्यात आला नव्हता. सरासरी म्हणजे काय, हे मी फळ्यावर दहा वर्षं शिकवतोय. ‘मग ती पाच पूर्णांक दोननं धावली कुठं सर?’ असं मला त्याआधी कुणी विचारलं नव्हतं.

आलेख वर्गात काढला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर अंतर. सातवीच्या विज्ञानात अंतर-वेळ आलेख आहेच, पण पुस्तकातला कायम गाडीचा. इथे पहिल्या दहा मीटरपर्यंत रेघ कमी चढाची होती, मग उभी होत जवळजवळ सरळ झाली. चढ म्हणजे वेग हे सांगावं लागलं नाही. (बर्लिनमध्ये २००९ साली उसेन बोल्टनं शंभर मीटर ९.५८ सेकंदांत कापले होते, म्हणजे आमच्या मुलीला पन्नासला लागला तेवढ्याच वेळात. हे कळल्यावर ती दिवसभर खूश होती. का, ते मला समजलं नाही.)

खरी मजा चुकांमध्ये आली. एका मुलाच्या धावेत १० ते २० मीटरला १.४ सेकंद लागले होते आणि २० ते ३० ला २.२. आलेखावर वीस मीटरचा एकच बिंदू बाकीच्या रेघेबाहेर पडला होता. पोरं म्हणाली, मध्येच थांबला असेल की. पण माणूस अचानक सुसाट सुटून लगेच मंद कसा होईल? एक टप्पा जेवढा आखूड, जवळजवळ तेवढाच पुढचा लांब, असं दिसलं की दोष धावणाऱ्याचा नसतो, मधल्या घड्याळाचा असतो. वीसच्या रेघेवरच्या मुलानं मित्र जवळ येतोय बघून आधीच बटण दाबलं होतं. त्यानं कबूलही केलं.

दुसरी चूक आमची होती. पहिल्या दिवशी आम्ही शिट्टीवर घड्याळं सुरू केली. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे पन्नास मीटरवरच्या मुलाला शिट्टी ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते आणि दहावरच्याला फक्त ०.०३. लांबचं घड्याळ उशिरा सुरू होतं, वेळ कमी दाखवतं आणि पुढचे टप्पे आहेत त्यापेक्षा वेगवान भासतात. शर्यतीत इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू बाद ठरतो. तिथे एवढ्याशा वेळाला किंमत आहे आणि आम्ही शिट्टीत त्याहून जास्त घालवत होतो. दुसऱ्या दिवसापासून शिट्टी बंद, पी.टी.चे सर लाल रुमाल खाली आणू लागले.

एवढं करूनही आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा हा प्रश्न उरतोच. त्या मुलीचा शेवटचा टप्पा १.८ आला म्हणून वर्ग म्हणाला, ‘शेवटी दमली की हो सर.’ पण हातानं दाबलेल्या घड्याळात एक-दोन दशांश सेकंदांचा फरक सहज पडतो. मग १.७ आणि १.८ मधला फरक तिच्या पायातला, की बटणावरच्या अंगठ्यातला? मध्ये पुरेशी विश्रांती देऊन तिला आणखी दोनदा धावायला लावलं. शेवटच्या टप्प्याच्या वेळा आल्या १.८, १.६, १.७. मधली किंमत १.७, म्हणजे मधल्या टप्प्यांएवढीच. ती दमली असं म्हणायला आधार नव्हता. पहिल्या दहा मीटरला मात्र तिन्ही वेळा अडीच सेकंद किंवा जास्तच लागले, तेव्हा सुरुवात संथ हे खरं. मध्यक कशाला काढायचा, हे त्या दिवशी पोरांना कळलं.

आता मागणी. पाच साधी स्टॉपवॉच आणि पन्नास मीटरची एक टेप प्रत्येक उच्च प्राथमिक शाळेला द्या. आम्ही घड्याळं शेजारच्या हायस्कूलमधून आणि गावातल्या तालमीतून उसनी आणली होती, ती परत करावी लागली. आणि सातवीच्या वेळापत्रकात आठवड्यातून एकदा तरी पी.टी.च्या तासाला लागून गणिताचा किंवा विज्ञानाचा तास ठेवायची शाळांना सूचना द्या. आकडे शिळे झाले की पोरांना कुणी कधी बटण दाबलं ते आठवत नाही आणि मग आलेखावरचा चुकलेला बिंदू फक्त चुकलेला बिंदू राहतो.

नोंदीचा एक पानी तक्ताही लागेल. तो कन्नडबरोबर मराठी आणि उर्दूतही छापावा. आमच्याकडे मुलं मैदानावर कन्नडमध्येही खेळतात, ओरडतात, पण ‘चढ’ आणि ‘मध्यक’ त्यांनी मराठीत शिकलेत.

एक मात्र करू नका. हे आकडे कुठे अपलोड करायला सांगू नका, त्यावर गुण देऊ नका, मुलांची क्रमवारी लावू नका. तसं झालं की हळू धावणाऱ्या मित्रासाठी घड्याळवाला मुद्दाम बटण लवकर दाबेल आणि ते कुठल्याही आलेखात दिसणार नाही, कारण मग पाचही जण मिळून दाबतील. आमची पोरं तेवढी हुशार आहेत.

आमच्या भागात पावसाळाभर मैदानावर लाल चिखल असतो, फक्की टिकत नाही. ऑक्टोबर सरता सरता जमीन सुकते. टेप आणि घड्याळं तोवर आली तर बरं होईल.

आपला नम्र,
एक शिक्षक, खानापूर तालुका, जि. बेळगाव