जाहीर नोटिशीतले 15 दिवस आणि सख्ख्या भावंडांचा पहिला हक्क

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज वकिलांच्या जाहीर नोटिसा येतात, अमुक पेठेतली मिळकत आमचे अशील खरेदी घेणार आहेत, कोणाची हरकत असल्यास 15 दिवसात कळवावी नाहीतर हक्क सोडून दिला असं समजू. पेन्शनीत निघाल्यापासून मी त्या सगळ्या वाचतो, घरातले हसतात पण सवय लागलीय. मागच्या काही महिन्यात एक गोष्ट जास्तच दिसायला लागलीय ती म्हणजे पूर्ण घराच्या नाही तर "अविभक्त हिश्शाच्या" खरेदीच्या नोटिसा. म्हणजे चार भावंडांचं घर आणि त्यातला एकच जण आपला चौथा हिस्सा बाहेरच्याला विकतोय. आणि यावर आमच्या कट्ट्यावर दोनच मतं ऐकायला मिळतात, एक म्हणजे "सामाईक हाय, सगळ्यांच्या सह्याशिवाय विकताच येत न्हाई" आणि दुसरं "त्याचा हिस्सा त्यो कुणाला बी विकंल, तुम्ही कोण". दोन्ही अर्धवट आहेत म्हणून हे पत्र.

आमच्या मंगळवार पेठेतच झालेलं सांगतो, नावं घेत नाही. वडिलांनी स्वतःच्या पैशानं घेतलेलं जुनं घर, मृत्युपत्र न करता गेले, मागे आई, दोन मुलगे आणि लग्न होऊन गडहिंग्लजला गेलेली मुलगी. प्रॉपर्टी कार्डावर चौघांची नावं लागली, प्रत्येकी चार आणे. थोरला आईबरोबर घरात राहतो, धाकटा पुण्यात नोकरीला. धाकट्याला तिकडं फ्लॅटसाठी पैसे पाहिजे होते, त्यानं थोरल्याला विचारलं तर थोरला म्हणाला बारा लाख देतो. धाकट्यानं मग जागेचे व्यवहार करणारा एक माणूस गाठला, तो अठरा लाखाला तयार झाला, साठेकरार झाला आणि मग ती नोटीस पेपरात आली. थोरला तडक सिटी सर्व्हेच्या ऑफिसात गेला, तिथून रजिस्ट्रार ऑफिसात, दोन्हीकडं हरकतीचा अर्ज देऊन पोच घेऊन आला आणि निवांत झाला. झालं काम म्हणून.

काम काहीच झालं नव्हतं. खरेदीखत करणाऱ्याचा हिस्सा कार्डावर दिसतोय, कागद पुरे आहेत, मग रजिस्ट्रार भावकीचा वाद सोडवत बसत नाही, ते त्याचं कामच नाही. कार्डावरची किंवा सात-बाऱ्यावरची फेरफार नोंद हीसुद्धा फक्त नोंद असते, मालकी ठरवायचा अधिकार त्या टेबलाला नाही. तिथं हरकत घ्या, जरूर घ्या, पण हरकतीनं व्यवहार थांबतो असं धरून बसू नका.

आता खरा हक्क कुठं आहे तर हिंदू वारसा कायदा 1956 चं कलम 22. हिंदू म्हटलं तरी आपल्याकडच्या जैन, बौद्ध, शीख कुटुंबांनाही तो लागू आहे. त्यात सरळ लिहिलंय की मृत्युपत्र न करता गेलेल्या माणसाची स्थावर मिळकत किंवा धंदा जर पहिल्या वर्गातल्या दोन किंवा जास्त वारसांकडं आला आणि त्यातला एक जण आपला हिस्सा दुसऱ्याला द्यायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा पहिला हक्क. पहिल्या वर्गात बायको, मुलगे, मुली, आई हे सगळे येतात. म्हणजे विकायला बंदी नाही, धाकट्याला कोणी म्हणू शकत नाही की विकू नको, फक्त बाहेरच्याच्या आधी घरातल्याला संधी मिळाली पाहिजे. आणि हो, घरातल्यात लग्न झालेली बहीणसुद्धा येते. हे मी मुद्दाम लिहितोय कारण या प्रकरणात धाकटा थोरल्याशी बोलला, थोरला धाकट्याशी बोलला, पण बहिणीला कोणी फोनसुद्धा केला नाही, तिला नोटिशीचं कळलं ते भाच्यानं व्हॉट्सअपवर फोटो टाकला तेव्हा. तिचा हक्क थोरल्याइतकाच होता, आणि आईचाही.

पुढचा प्रश्न किमतीचा, इथं सगळी भांडणं आहेत. थोरल्याला वाटत होतं पहिला हक्क म्हणजे मी म्हणेन त्या भावात, भाऊ आहे ना. तसं नाही. किमतीवर एकमत झालं नाही तर कोर्टात अर्ज करायचा आणि कोर्ट किंमत ठरवतं. कोर्टानं ठरवलेली किंमत ऐकून अर्ज करणारा मागं सरला तर अर्जाचा सगळा खर्च त्याच्या अंगावर. म्हणजे नुसतं अडवून धरायला अर्ज टाकायचा आणि नंतर पैसे नाहीत म्हणायचं हे महागात पडतं. आणि घरातलेच दोघे घ्यायला तयार असतील तर जो जास्त किंमत देईल त्याला प्राधान्य, थोरला म्हणून मान वगैरे काही नाही तिथं.

या किमतीच्या बाबतीत एक चलाखी चालते ती पण ओळखून ठेवा. धाकट्यानं घरात सांगितलं की गिऱ्हाईक पंचवीस द्यायला तयार आहे, तुम्ही पंचवीस द्या नाहीतर मी चाललो. साठेकरारात आकडा अठराचा. असं दिसलं तर तोंडी आकड्यावर जायचंच नाही, लेखी नोटीस देऊन साठेकराराची प्रत मागायची, नाही दिली तर कोर्टात किंमत ठरवून मागायची. उलट बाजूनंही खरं आहे, थोरल्याचे बारा लाख म्हणजे गरजेचा फायदा घेणंच होतं. पूर्ण घराची किंमत शहाण्णव लाखाच्या आसपास निघत होती, तिचा चौथा भाग चोवीस होतो, पण बाहेरच्याला अविभक्त हिस्सा घेतला की ताबा मिळत नाही, भांडण विकत घेतल्यासारखं असतं, म्हणून तो सहा लाख कमी द्यायला तयार होता. हा फरक डोक्यात ठेवला की कोणता आकडा वाजवी आणि कोणता फुगवलेला हे बरंचसं कळतं.

मग त्या 15 दिवसांचं काय? कलम 22 मध्ये किती दिवसांची नोटीस द्यायची, कशी द्यायची हे काहीच लिहिलेलं नाही, ही त्या कलमाची मोठी उणीव आहे असं माझं मत. जाहीर नोटिशीतले 15 दिवस वकिलानं टाकलेले असतात, घेणाऱ्याला नंतर म्हणता यावं की बघा आम्ही विचारलं होतं. 16 व्या दिवशी तुमचा हक्क आपोआप मरत नाही. पण गप्प बसलात तर समोरचा कोर्टात म्हणणारच की यांनी हक्क सोडला, त्यामुळं त्या 15 दिवसातच स्पीड पोस्टानं लेखी उत्तर द्यावं, विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याच्या वकिलाला दोघांनाही, आणि त्यात नुसतं "हरकत आहे" न लिहिता "कलम 22 प्रमाणे हा हिस्सा मी विकत घ्यायला तयार आहे" असं स्पष्ट लिहावं. नुसती हरकत म्हणजे अडवणूक दिसते, तयारी दाखवली की हक्क दिसतो. खरेदीखत होऊन गेलं असलं तरी दावा करता येतो असं अनेक हायकोर्टांनी धरलंय, पण मुदतीच्या कायद्यात अग्रहक्काच्या दाव्याला एकच वर्ष दिलंय, बारा वर्षं नाही. बघू पुढच्या दिवाळीनंतर असं म्हणणाऱ्यांचं इथंच बिघडतं.

शेतीबद्दल पण विचारतात लोक, करवीर, कागल, शिरोळकडं तर हिश्शाच्या उसाच्या रानावरनंच जास्त भानगडी. शेतीला हे कलम लागतं का यावर बरीच वर्षं वेगवेगळ्या हायकोर्टांचं एकमत नव्हतं, 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं बाबू राम विरुद्ध संतोख सिंग या केसमध्ये शेतजमिनीलाही लागतं असा निकाल दिला. तो हिमाचलचा वाद होता पण निकाल आपल्यालाही तितकाच लागू.

कुठं लागत नाही तेही सांगतो नाहीतर उगाच आशा लागायची. मृत्युपत्रानं मिळकत आली असेल तर नाही. सरस-निरस वाटणी होऊन प्रत्येकाचा तुकडा वेगळा झाला असेल तर नाही, कारण मग सामाईक काही उरलंच नाही. आणि चुलत भावांमध्ये बऱ्याचदा बसत नाही, कारण हक्क एकाच मयत माणसाच्या वारसांचा आपापसातला असतो, तुम्ही तुमच्या वडिलांचे वारस आणि काका आजोबांचे. वडील आजोबांच्या आधी वारले असतील तर मात्र तुम्ही थेट आजोबांचे पहिल्या वर्गातले वारस होता, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यांवरच्या तारखा आधी बघा, वकिलाची फी नंतर.

हे सगळं हातातनं निसटलं आणि बाहेरच्यानं हिस्सा घेतलाच, तरी राहत्या घराला अजून एक आडोसा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882 च्या कलम 44 प्रमाणे एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा घेणाऱ्या परक्याला घरच्यांबरोबर सामाईक ताबा मागता येत नाही. म्हणजे खरेदीखत दाखवून तो पुढच्या सोप्यात कॉट टाकू शकत नाही, जबरदस्ती केली तर कोर्टातनं मनाई मिळवता येते. त्यानं वाटणीचा दावा करावा लागतो, आणि त्यानं तो केला की 1893 च्या वाटणी कायद्याचं कलम 4 उघडतं, घरातला हिस्सेदार म्हणू शकतो की मी याचा हिस्सा घेतो आणि कोर्ट किंमत काढून तो त्याला विकायला लावतं. फक्त हे त्या परक्यानं वाटणीचा दावा केला तरच, तुम्ही आपणहोऊन कलम 4 घेऊन जाऊ शकत नाही. म्हणून "बघा की खोली रिकामीच आहे, राहू दे तात्पुरतं" असं म्हणून किल्ली देऊ नका. एकदा ताबा गेला की त्याला दावा करायची घाईच राहत नाही.

मंगळवार पेठेतलं प्रकरण कोर्टापर्यंत गेलं नाही. बहिणीनंच वकिलामार्फत उत्तर पाठवलं की अठराच्या वर मी द्यायला तयार आहे, ते वाचून थोरल्याचे बारा लाख एका रात्रीत वाढले, शेवटी बहीण आणि थोरला दोघांनी निम्मं निम्मं करून एकोणीस लाखाला हिस्सा घेतला, गिऱ्हाइकाला इसार परत गेला. थोरला अजून बहिणीवर थोडा रागावूनच आहे म्हणे.

तुमच्याकडं एकच मागणी आहे संपादकसाहेब. अविभक्त हिश्शाच्या जाहीर नोटिशीत ठरलेली किंमत आणि बाकी हिस्सेदारांची नावं छापायचा आग्रह जाहिरात घेताना धरता आला तर बघा. कायद्यानं सक्ती नाही हे मला माहीत आहे. पण बारीक अक्षरात नुसता सिटी सर्व्हे नंबर वाचून गडहिंग्लजच्या बहिणीला कसं कळणार की हे आपल्याच माहेरचं घर आहे.

आपला,
एक पेन्शनर वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर