पंचमच्या मागे कोण वाजवतंय?

दादर, मुंबई

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

'पंचमसारखं, म्हणजे आर. डी. बर्मनसारखं, अजून काहीतरी सांग' असं तू लिहिलंस, आणि पुढे तक्रार केलीस की अ‍ॅप फिरून फिरून किशोरकुमारचीच गाणी पुढे करतं. त्याचं कारण सोपं आहे. तुझ्यासारख्यांनी आणखी काय ऐकलं, एवढंच अ‍ॅप मुख्यतः पाहतं. किशोर सगळेच ऐकतात, म्हणून तो वर येतो. गाण्यात गिटार कोणी वाजवली, हे त्याच्या खिजगणतीत नसतं.

म्हणून आधी एक ठरव. पंचम आवडतो म्हणजे नेमकं काय आवडतं? आवाज, चाल की मागचा वाद्यमेळ? तपासायची पद्धत अशी, की एक गोष्ट तशीच ठेवायची आणि बाकीच्या बदलायच्या. 'चुरा लिया है तुमने' (1973) तुझं लाडकं ना? मग आशाताईंचंच 'आओ हुज़ूर तुमको' (1968) लाव. गायिका तीच, संगीतकार ओ. पी. नय्यर. ते तितकंच भिडलं तर तुझी ओढ आवाजाची आहे, आणि मग नय्यरांची सगळी खाण तुझ्यासाठी मोकळी आहे. 'छान आहे, पण ते नाही' असं वाटलं तर आवाज सोड आणि वाद्यांकडे वळ. मला खात्री आहे, तुझं दुसरंच निघेल.

आता 'चुरा लिया' हेडफोन लावून ऐक आणि शब्दांकडे अजिबात लक्ष देऊ नकोस. ध्रुवपदाच्या आधी काय वाजतं आणि दोन अंतऱ्यांच्या मधे काय वाजतं, तेवढंच धर. सुरुवातीला काचेच्या ग्लासवर चमचा वाजतो, मग गिटार येते. ती गिटार भूपिंदर सिंगची. हो, तोच गझल गाणारा भूपिंदर. 'दम मारो दम'ची (1971) गिटारही त्याचीच. तुझ्या कानाला ही गिटार लागली असेल, तर पंचमचं नाव बाजूला ठेवून भूपिंदरच्या बोटांमागे जा.

त्याच 1973 सालचं 'तुम जो मिल गये हो' घे. संगीतकार मदन मोहन, आवाज रफी आणि लताबाईंचे, पडद्यावर टॅक्सी. नावं वाचून कोणी म्हणणार नाही की हे पंचमच्या जवळचं आहे. पण गिटार भूपिंदरची, आणि वाद्यरचना, म्हणजे आपले वादक ज्याला अरेंजमेंट म्हणतात ती, केर्सी लॉर्डची. चाल मदन मोहनची आणि तिच्यावरचे कपडे पंचमच्या घरातले, असं ते प्रकरण आहे. गाणं मधेच लय बदलतं, तिथे थांबून परत ऐक. मदन मोहनचा चाहता जे शोधतो ते या गाण्यात कमी सापडेल, तुला मात्र भरपूर सापडेल.

आता केर्सी लॉर्डचा धागा ओढ. हा पारशी माणूस अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. 'रूप तेरा मस्ताना'मधला (1969) अ‍ॅकॉर्डियन त्याचा आणि सॅक्सोफोन मनोहारी सिंगचा. संगीतकार सचिनदेव बर्मन, सहायक स्वतः पंचम. म्हणजे वडिलांच्या गाण्यातच मुलाची टोळी जमायला लागली होती. मनोहारी कलकत्त्याहून सलिल चौधरींबरोबर मुंबईत आले आणि सगळ्यांकडेच वाजवत राहिले. नय्यरकडचं 'हुज़ूर-ए-वाला' (1966) ऐक, तिथे सॅक्सोफोन जवळजवळ दुसरा गायकच आहे.

हे वादक सापडतात कुठून? रेकॉर्डच्या पाठीवर बहुतेक वेळा फक्त गाणी, गायक आणि गीतकार असतात. म्हणून चित्रपटाची श्रेयनामावली बघ. पंचमच्या चित्रपटांत संगीतकाराच्या नावाखाली सहायक म्हणून बासू, मनोहारी, मारुती हे त्रिकूट पुन्हा पुन्हा दिसेल. बासू चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि आपले मराठमोळे तबलावादक मारुतीराव कीर. सहायकांनी स्वतंत्रपणे काय केलं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे चांगला माल आहे. बासू-मनोहारी या जोडनावाने त्यांनी 'सबसे बड़ा रुपैया'ला (1976) संगीत दिलं. मोठा संगीतकार कधी कधी इतका ओळखीचा होतो की आपण त्याला ऐकत नाही, नुसते आठवतो. सहायकांकडे तीच भाषा नव्याने कानावर पडते.

आता खड्डे सांगतो. पहिला खड्डा वर्षाचा. अ‍ॅपवर गाण्याखाली जे वर्ष दिसतं ते पुष्कळदा संकलनाचं असतं. 1972चं गाणं 2008चं म्हणून मिरवतं. म्हणून चित्रपटाचं वर्ष शोधून तेच धर. पंचमच्या बाबतीत याला फार किंमत आहे, कारण 1971 ते 75चा पंचम आणि 1985चा पंचम कानाला दोन वेगळे इसम वाटतात. आधी खरी गिटार, खरा ऱ्हिदम आणि व्हायोलिनचा ताफा, नंतर सिंथेसायझर पुढे सरकतो. तुझी आवड पहिल्यातली असेल तर वर्षाची चाळणी लावल्याशिवाय निम्मी गाणी फुकट जातील.

दुसरा खड्डा म्हणजे वादकाच्या मागे आंधळेपणाने जाणं. चरणजित सिंगचं उदाहरण घे. 'दम मारो दम'मधलं ट्रान्सिकॉर्ड, म्हणजे अ‍ॅकॉर्डियनसारखं दिसणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य, त्याने वाजवलं. नाव सापडलं म्हणून तू त्याची 1982ची रेकॉर्ड लावशील: Synthesizing: Ten Ragas to a Disco Beat. त्यात राग आहेत, खाली यंत्राचा ठोका आहे, आणि पंचमचा मागमूस नाही. रेकॉर्ड विलक्षण आहे, पण ती दुसऱ्याच घराची वाट आहे. वादक तोच असला तरी गाण्यात त्याला काय काम दिलंय, ते संगीतकार ठरवतो. म्हणून माझा नियम असा: वादक, साल आणि गाण्याची जात, या तिन्हींपैकी किमान दोन जुळल्या तरच यादीत घ्यायचं. 'तुम जो मिल गये हो'मध्ये वादक आणि साल दोन्ही जुळतात. चरणजितच्या रेकॉर्डमध्ये फक्त वादक जुळतो.

अ‍ॅपचाही उपयोग होतो, पण कलाकाराच्या नावावरून रेडिओ लावू नकोस. वर सांगितलेली 'चुरा लिया', 'दम मारो दम', 'तुम जो मिल गये हो' आणि 'रूप तेरा मस्ताना' यांची छोटी यादी कर आणि त्या यादीवरून सुचवण्या माग. रिमिक्स आणि 'लो-फाय' दिसले की लगेच काढून टाक, नाहीतर पुढच्या सगळ्या सुचवण्या त्याच वळणाला लागतात.

आणि रेकॉर्डच घ्यायची असेल तर चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर जा. शुक्रवार टाळ, त्या दिवशी तिथली जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात. तबकडी उजेडात तिरकी धर. नुसत्या केसासारख्या रेषा असतील तर चालेल, पण नखाला अडकणारा ओरखडा असेल तर परत ठेव. तो सुईलाही अडकणार.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
आप्पा